शब्दचर्चा : ‘कळवाल’, ‘कळवावे’ की ‘कळवाल का?’

वल्लरी, वडोदरा
एम. एस. युनिव्हर्सिटीत केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातल्या एक इंजिनिअर बाई प्रोसेस सेफ्टीबद्दल मराठीतून छान लिहितात, त्यांना लिंक्डइनवर पहिल्यांदाच मेसेज करायचा आहे. ओळख काहीच नाही. पुण्याच्या मावसबहिणीला मसुदा दाखवला तर म्हणाली, “हुकूम सोडल्यासारखं वाटतंय.” मला तर तो अगदी नम्र वाटतो. मसुदा असा :

“नमस्कार मॅडम, मी केमिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला प्रोसेस सेफ्टीत करिअर करायचे आहे. आपण मला मार्गदर्शन कराल. रेझ्युमे जोडला आहे, आपल्या कंपनीत जागा असल्यास लवकरात लवकर कळवाल. आपल्या अमूल्य वेळेबद्दल आगाऊ आभार.”

यात हुकूम कुठे आहे?

दांडियाबाजारकर
‘कळवाल’ काढून ‘कळवावे, ही विनंती’ लिही. ‘विनंती’ आली की विषय संपला. आमच्या वेळी बँकेत सगळा पत्रव्यवहार असाच चालायचा, कोणाला हुकूम वाटला नाही.

सुलभा जोशी
मी वडोदऱ्यातच शाळेत मराठी शिकवत होते, त्यामुळे हा ‘कळवाल’ चांगला ओळखते. तो आपल्या गुजरातीतून आला आहे. गुजरातीत ‘जणावशो’ म्हटलं की ती अदबीची विनंती होते. रूप भविष्यकाळाचं, अर्थ ‘कृपया कळवा’. आपण वडोदरेकर तेच मराठीत उचलतो. पण पुण्याच्या कानाला ‘तुम्ही मला मार्गदर्शन कराल’ हे विधान वाटतं. जणू ठरलंच आहे, त्यांनी फक्त करायचं बाकी आहे. शेवटी ‘का?’ लावला की तेच वाक्य विनंती होतं.

दांडियाबाजारकरांचं अर्धं बरोबर आहे. ‘कळवावे, ही विनंती’ सभ्यच आहे, पण ते कार्यालयाला लिहायचं वाक्य. बँकेला आपण ‘खाते उतारा मिळावा’ लिहितो, कारण तो देणं बँकेचं कामच आहे. या बाई वल्लरीचं काहीच देणं लागत नाहीत. ‘करावे’ला ‘नाही’ म्हणायचं तर पत्र नाकारल्यासारखं होतं, ‘कराल का?’ला सहज ‘नाही जमणार’ म्हणता येतं.

दांडियाबाजारकर
मग ‘लोभ असावा’चं काय? तोही विध्यर्थच. आजवर कोणी म्हटलं का, की लोभाची सक्ती केली?

सुलभा जोशी
छान पकडलंत! पण तिथे समोरच्याला काही करायला सांगितलेलं नाही, नुसती इच्छा आहे. ‘मार्गदर्शन करावे’मध्ये करणारी व्यक्ती समोर बसलेली आहे.

मांजलपूरची आई
माझा मुलगा बी.कॉम. आहे. रिक्रूटर लोकांना रोज लिहितो, एकाचंही उत्तर येत नाही. त्याने ‘का?’ लावायला सुरुवात करावी का? दर दोन दिवसांनी ‘आठवण करून देत आहे’ असंही पाठवतो.

एच. आर., अलकापुरी
मावशी, त्याचं दुखणं वेगळं आहे. मी नोकरभरतीच करते, म्हणून सांगते. रिक्रूटरला माणसं शोधण्याचाच पगार मिळतो, त्याच्याशी फार आर्जव नको. त्याला पहिल्या दोन ओळींत हवं असतं ते एवढंच : कोणती जागा, जाहिरातीत दिलेला तिचा क्रमांक, अनुभव किती, सध्या कुठल्या शहरात, रुजू कधी होऊ शकता. हे सगळं असेल तर ‘कळवावे’सुद्धा चालतं. हे नसेल आणि नुसतं ‘माझ्यासाठी काही असेल तर बघा’ असेल, तर शोधायचं काम तुम्ही माझ्यावर टाकलंत. मी तो मेसेज बाजूला ठेवते आणि मग तो राहूनच जातो.

आणि ‘आठवण करून देत आहे’ हे उधारी मागणाऱ्याचं वाक्य आहे. आठवडा-दहा दिवस जाऊ द्यावेत, मग एकदाच ‘पुन्हा लिहीत आहे’ म्हणावं आणि सोबत काही नवीन सांगावं. परीक्षेचा निकाल लागला, दुसऱ्या जागेसाठी अर्ज केला, काहीही. त्यानंतर थांबावं. दर दोन दिवसांनी लिहिणाऱ्याचं नाव माझ्या लक्षात राहतं, पण नको त्या कारणाने.

वल्लरी, तुझ्या मसुद्यात माझ्या मते क्रियापदापेक्षा मोठी गोची ही आहे की एकाच मेसेजात तू दोन गोष्टी मागितल्यास. मार्गदर्शन आणि नोकरी. रेझ्युमे दिसला की समोरची व्यक्ती वरचं सगळं नोकरीसाठीची प्रस्तावना म्हणून वाचते. रेझ्युमे काढ. ‘मार्गदर्शन’ही फार मोठं आहे, त्याचं उत्तर दोन ओळींत देताच येत नाही. त्यांनी लिहिलेलं काय वाचलंस आणि त्यातून नेमका कोणता प्रश्न पडला, ते लिही.

प्रसाद, कारेलीबाग
‘आगाऊ आभार’ वाचून हसू आलं. मेसेज आगाऊ की आभार?
एक व्यवहाराची गोष्ट : जोडणीच्या विनंतीसोबतची टीप मोफत खात्याला 200 अक्षरांचीच मिळते आणि देवनागरीत ती पटकन संपतात. ‘मार्गदर्शन’ डोळ्याला पाच अक्षरी, पण काना, रफार वेगळे मोजून मशीन 10 धरतं. त्या टीपेत फक्त कोण आणि का एवढंच लिही. प्रश्न जोडणी झाल्यावर.

वल्लरी, वडोदरा
सगळ्यांचं ऐकून टीप अशी केली. त्यातला हॅझॉप म्हणजे प्लांटमध्ये कुठे काय धोका होऊ शकतो ते बैठकीत बसून तपासणं :

“नमस्कार. मी वडोदऱ्यात केमिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. हॅझॉपवरचा तुमचा लेख वाचला. त्यावर एक प्रश्न विचारायचा आहे, म्हणून ही विनंती.”

आणि त्यांनी जोडून घेतलं तर मग :

“आभारी आहे. लेखात तुम्ही म्हटलं आहे की प्लांट चालवलेला माणूस बैठकीत नसेल तर हॅझॉप कागदावरच राहतो. मला प्रोसेस सेफ्टीत यायचं आहे. मग आधी दोन-तीन वर्षं प्लांटवर काढावीत, की थेट सल्लागार कंपनीत शिकता येतं? सवड झाली तर दोन ओळी लिहाल का? नाही जमलं तरी हरकत नाही.”

‘आपण’चं ‘तुम्ही’ केलं, कारण आधी ‘आपण लिहिलेल्या लेखावर आपण बोलू शकतो का’ असं झालं होतं. त्यातला एक ‘आपण’ त्या आणि दुसरा आम्ही दोघी.

एच. आर., अलकापुरी
आता मलाच उत्तर द्यावंसं वाटतंय. ‘नाही जमलं तरी हरकत नाही’ मात्र मी काढलं असतं. ‘सवड झाली तर’मध्ये ते येऊन गेलं. दोनदा मोकळीक दिली की प्रश्न तुझ्याच दृष्टीने बिनमहत्त्वाचा वाटतो.

सुलभा जोशी
मी ठेवलं असतं. अनोळखी माणसाला उत्तर न देण्याचा संकोच वाटू नये, म्हणूनच तर ते वाक्य आहे.

दांडियाबाजारकर
बाकी पटलं. पण मॅडम गेलं, त्या जागी काहीच आलं नाही? नुसतं ‘नमस्कार’ कोरडं वाटतं. गुजराती माणूस असता तर ‘बेन’ लावून मोकळा झाला असता.

प्रसाद, कारेलीबाग
पुण्याच्या कंपन्यांत नुसतं पहिलं नाव चालतं, काका.

वल्लरी, वडोदरा
नुसतं नाव माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. आणि ‘ताई’ म्हणजे ओळख नसताना नातं जोडल्यासारखं. सध्या ‘नमस्कार’च्या पुढे त्यांचं नाव आणि ‘जी’ लावून ठेवलंय.

सुलभा जोशी
‘जी’ हिंदीतला, पण चालेल. मी आडनावापुढे ‘बाई’ लावलं असतं, तर म्हणाल शाळेतच राहिली.