'कार्यमुक्त' की 'सेवामुक्त'?

रेवती: एका पतसंस्थेत चार वर्षं लेखापाल होते. राजीनामा मंजूर झाला, ३१ मे शेवटचा दिवस होता. आता आस्थापना विभागाला मराठीत अर्ज लिहितेय: "मला सेवामुक्त केल्याचे पत्र व अनुभवाचा दाखला मिळावा." बाबा म्हणतात, सेवामुक्त लिहू नकोस. का?

सांगलीकर: दोन्ही एकच हो. रिलीव्हिंग लेटर म्हणा, सगळ्यांना कळतं.

आस्थापनेतला: कळतं हे खरं, पण दोन्ही एक नाहीत. बाबांचं बरोबर आहे. मी ही पत्रं वर्षानुवर्षं काढली आहेत. 'सेवामुक्त' वाचलं की काढून टाकलं का, अशी शंका येते, कारण संस्थेनं नोकरी संपवली तरी हाच शब्द वापरतात. 'कार्यमुक्त' म्हणजे हातातलं काम सोपवलं आणि या पदाच्या जबाबदारीतून मोकळे झालात, एवढंच. सरकारी बदलीतही माणूस कार्यमुक्त होतो, नोकरी तशीच राहते. म्हणून नुसतं 'कार्यमुक्त' पुरत नाही, 'राजीनामा मंजूर झाल्याने' हे शब्द सोबत मागा.

वेळही लिहून घ्या. आमच्याकडे 'दि. ३१ मे रोजी मध्यान्होत्तर' असं लिहितात. म्हणजे तो दिवस पूर्ण भरला आणि १ जूनला दुसरीकडे रुजू होता येतं. भविष्य निर्वाह निधीत नोंदवलेली सोडल्याची तारीख हीच आहे ना, तेही बघा. जुन्या आणि नव्या नोकरीच्या तारखा एकमेकींवर चढल्या तर रक्कम वर्ग करताना विचारणा होऊ शकते.

माधव: माझ्या कंपनीनं नोटिशीचे दिवस भरले नाहीत म्हणून पत्रच अडवलंय. तीन महिने झाले.

आस्थापनेतला: माधवराव, तुमचा प्रश्न वेगळा आहे. आधी हिशेब लेखी मागा, किती दिवसांचे किती पैसे ते कळू द्या. रेवतीताई, अनुभवाच्या दाखल्यात क्रियापद तपासा. शेवटच्या आठवड्यात घाईनं टंकलेल्या दाखल्यात 'कार्यरत आहेत' राहून जातं. 'होत्या' हवं. पद, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीखही हवी. वागणुकीचा शेरा स्वतंत्र ओळीत येतो, तो नसला म्हणून दाखला अपुरा ठरत नाही.

रेवती: मग असं लिहू? "राजीनामा मंजूर झाल्याने मला दि. ३१ मे रोजी मध्यान्होत्तर कार्यमुक्त केल्याचे पत्र, तसेच लेखापाल पदावरील सेवेचा अनुभव दाखला मिळावा, ही विनंती. कपाटाच्या किल्ल्या व रोकड वही सुपूर्द केल्याची पोच सोबत जोडली आहे."

आस्थापनेतला: पोच जोडलीत हे उत्तम. बहुतेक पत्रं 'येणे बाकी नाही' या एका सहीसाठी अडतात.

सांगलीकर: 'दाखला' शाळेसारखा वाटतो. 'प्रमाणपत्र' लिहा.

रेवती: मला 'दाखला'च आपला वाटतो.

आस्थापनेतला: तुमच्या संस्थेच्या छापील नमुन्यावर जे आहे, ते लिहा. आमच्याकडे दोन्ही येतात.