काचेतला लाल ठिपका: पुढच्या फ्रेमचा तुकडा लावा

> जुन्या गोव्यात काचपेटीतल्या लाकडी मूर्तीचा स्लायडर शॉट घेतला. टॅली लाइटचा लाल ठिपका मूर्तीवर आलाय, कसा काढू?

स्लायडर काचेला समांतर सरकला असेल तर काम सोपं आहे. टॅली लाइट म्हणजे कॅमेऱ्यावरचा रेकॉर्डिंगचा दिवा, तो कॅमेऱ्यासोबतच सरकतो. म्हणून काचेतला ठिपका फ्रेममध्ये एकाच जागी राहतो, मूर्ती त्याच्यामागून सरकते. म्हणजे आत्ता झाकलेलं लाकूड काही फ्रेमनंतर स्वच्छ दिसतं.

ठिपका मऊ कडेसह ६० पिक्सेल रुंद आणि मूर्ती दर फ्रेमला ४ पिक्सेल सरकत असेल, तर १५ फ्रेमचं अंतर लागतं. दाविंची रिझॉल्व्हच्या फ्यूजनमध्ये प्लेनर ट्रॅकरने मूर्ती स्थिर करा, टाइमस्पीडने १५ फ्रेम सरकवा, प्लेनर ट्रान्सफॉर्मने मूळ हालचाल परत द्या आणि मूळ शॉटवर मर्ज करा. मर्जला मऊ कडेचा एलिप्स मास्क द्या. तो हलवायचा नाही. ट्रॅक करताना ठिपका वगळा, नाहीतर ट्रॅकर त्यालाच धरून बसतो.

मूर्तीच्या वस्त्राच्या चुण्या दुहेरी दिसल्या तर पॅरलॅक्स आड येतोय, म्हणजे जवळचे आणि लांबचे भाग वेगवेगळ्या वेगाने सरकतायत. अंतर उलट दिशेने घेऊन बघा. जाड काचेत शेजारी दुसरा फिकट ठिपका असतो, तोही मास्कमध्ये घ्या आणि मास्क वाढला तसं अंतरही वाढवा.

शॉटच्या शेवटच्या १५ फ्रेमना पुढचा तुकडाच नसतो, तिथे मागच्या फ्रेम वापरा.