ऑफरला नाही म्हणायचंय, मेल बघता का?

अनिकेत, मंगळवार रात्री

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या हॉलच्या चर्चेत मध्येच घुसतोय, माफ करा. मला दोन ऑफर्स आल्या आहेत, एक आउग्सबुर्गची आणि एक इथली म्यूनिकची. म्यूनिकची घेतोय. बायकोची नोकरी इथे आहे आणि मुलगी सप्टेंबरपासून शाळेत जाणार. पण आउग्सबुर्गच्या टीम लीडने तिन्ही मुलाखती स्वतः घेतल्या, माणूस फार आवडला. दोन-तीन वर्षांनी तिथे जायला नक्की आवडेल. त्यांच्या एचआरच्या बाईंना लिंक्डइनवर पाठवायला हे लिहून ठेवलंय:

"हाय, ऑफरबद्दल थँक्स! पण मला दुसरीकडे जास्त चांगलं मिळालंय, त्यामुळे सध्या तरी जमेल असं वाटत नाही. सॉरी हं! पुढे काही असेल तर कळवा."

बायको म्हणते, दूधवाल्याला उद्या येऊ नको म्हणून सांगितल्यासारखं वाटतंय. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. काय बदलू?

प्रकाशकाका, मंगळवार रात्री

अरे, नाही कशाला म्हणतोस? म्यूनिकची ऑफर दाखव आणि आकडा वाढवून घे. पहिल्या आकड्याला कोणी हो म्हणतं का!

अनिकेत, मंगळवार रात्री

काका, पैशाचा प्रश्नच नाही. आउग्सबुर्गवाले उलट थोडे जास्तच देतायत.

सुनंदाताई, बुधवार सकाळ

अनिकेत, काकांना हसू नकोस. तुझा मेसेज वाचून त्या एचआरच्या बाईंनाही हेच वाटेल. मी अठरा वर्षं भरतीचं काम केलं. "सध्या तरी जमेल असं वाटत नाही" हा आमच्या कानाला नकार नसतो, घासाघिशीची सुरुवात असते. त्या दोन दिवस धावपळ करून वरून मंजुरी आणतील, मग तू पुन्हा नाही म्हणशील. दार तिथे बंद होतं, पहिल्या नकाराने नाही.

"जास्त चांगलं" काढ. त्यात तू त्यांना तराजूत घालून हलकं ठरवतोयस. आणि "पुढे काही असेल तर कळवा" म्हणजे आठवण ठेवायचं काम त्यांच्यावर ढकललंस.

लिंक्डइनवर नको, मेलच कर, ज्या मेलवर ऑफर आली त्यालाच उत्तर म्हणून. म्हणजे तो बरोबर फाइलमध्ये जातो. जर्मनमध्ये लिही. मुलाखतीत आदरार्थी "झी" चालू होतं तर "झी"च ठेव. आशय मराठीत देते:

"आदरणीय फ्राउ अमुक,

ऑफरबद्दल आणि तीन भेटींत तुम्ही सगळ्यांनी दिलेल्या वेळाबद्दल मनापासून आभार. विचार करून मी ही ऑफर न स्वीकारण्याचं ठरवलं आहे. घरच्या कारणांमुळे पुढची काही वर्षं मला म्यूनिकमध्येच राहणं गरजेचं आहे आणि इथे मला काम मिळालं आहे.

शेवटच्या भेटीत मला चाचणी विभागात नेऊन चालू काम दाखवलंत, ते लक्षात राहिलं आहे. अशा टीमबरोबर पुढे काम करायला मला आवडेल. माझी कागदपत्रं तुमच्या टॅलेंट पूलमध्ये ठेवायला माझी संमती आहे."

चाचणी विभागाचं मी मनाने घातलं, तिथे तुझ्या भेटीतलं खरं काहीतरी टाक. खरं नसेल तर ते वाक्यच नको, खोटी स्तुती लगेच कळते.

शेवटच्या ओळीला औपचारिकता समजू नकोस. इथे डेटा संरक्षणाच्या नियमांमुळे कंपन्या अर्जदारांची माहिती साधारण सहा महिन्यांत पुसून टाकतात. तू संमती दिली नाहीस तर दोन वर्षांनी तुझं नाव त्यांच्याकडे असणारच नाही. त्या फॉर्म पाठवतील, तो भरून दे. संमतीलाही मुदत असते, ती बघून ठेव.

आणि शुक्रवारची वाट बघू नकोस. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला त्यांनी ताटकळत ठेवलेलं असतं. लवकर कळवलंस तर तो हातचा जात नाही, आणि हे त्यांच्या लक्षात राहतं.

मृण्मयी, बुधवार दुपार

मला नाही पटलं. कारण लिहायचंच नाही, कारण दिलं की ते त्यावर तोडगा काढत बसतात. घरून काम करा म्हणाले तर काय करशील? मी तर सरळ फोन करते. आणि म्यूनिकचं पक्कं झालं नसेल तर आउग्सबुर्गची सही करून ठेव, नंतर एक मेल टाकला की संपलं.

सुनंदाताई, बुधवार दुपार

मृण्मयी, कारणाचं तुझं अर्धं बरोबर आहे. ज्या कारणावर तोडगा निघाला तर तू हो म्हणशील, तेच कारण घातक. पैसे, पदनाम, घरून काम. "म्यूनिकमध्ये काम मिळालं आहे" यावर तोडगा नाही. फोनही जरूर कर, पण मेल हवाच, बोललेलं फाइलला लागत नाही.

सहीचं मात्र कृपा करून कोणी ऐकू नका! सही केली की तो करार झाला. मग नकार राहत नाही, क्युंडिगुंग म्हणजे करार मोडण्याची नोटीस होते, आणि ती कागदावर शाईच्या सहीनेच द्यावी लागते. मेलने दिलेली कायद्याला चालत नाही. वर नोटिशीची मुदत लागू होते, आणि कामाला लागण्याआधी करार मोडता येणार नाही असं कलम पुष्कळ करारांत असतं.

अनिकेत, म्यूनिकची सही झाली आहे ना?

अनिकेत, बुधवार संध्याकाळ

नाही ताई. मेलवर हो झालंय, करार उद्या येतोय.

सुनंदाताई, बुधवार संध्याकाळ

मग सकाळचं लवकर पाठवायचं मागे घेते. दोन्ही बाजूंच्या सह्या झालेला कागद हातात येऊ दे, मग त्याच तासाला पाठव.

वैशाली, बुधवार रात्री

माझा अनुभव सांगते. मी नाही म्हटलं होतं ती ऑफर श्टुटगार्टची. एचआरला मेल केलाच, पण ज्या मॅनेजरने मुलाखत घेतली त्याला वेगळ्या चार ओळी लिहिल्या. दीड वर्षाने त्याने स्वतःच कंपनी बदलली आणि नव्या ठिकाणाहून मला विचारलं. टॅलेंट पूल ठीक आहे, पण माणसाला लिही. मी नव्या कंपनीचं नावही सांगितलं होतं, लपवून काय करायचं?

सुनंदाताई, बुधवार रात्री

टीम लीडला वेगळं लिहायचं, शंभर टक्के. पण नाव नको. रुजू होईपर्यंत तर नाहीच.

वैशाली, बुधवार रात्री

लिंक्डइनवर महिन्याभरात दिसतंच की ताई.

अनिकेत, शुक्रवार सकाळ

काल साडेचारला करार झाला, पाचला मेल पाठवला. लगेच आपोआप उत्तर आलं: बाई सोमवारपर्यंत रजेवर, तातडीचं असेल तर या सहकाऱ्याला लिहा. आधी वाटलं राहू दे, पण त्यांची मुदत आजची, म्हणून सहकाऱ्यालाही पाठवला. मृण्मयी म्हणाली तसा टीम लीडला फोन केला, आणि चार ओळी लिहिल्या त्या वेगळ्या. नाव सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. म्हणाला, "कळवलंत ते बरं केलंत, दुसऱ्या उमेदवाराला आजच फोन करतो." टॅलेंट पूलच्या फॉर्मचं अजून काही आलेलं नाही. सोमवारी आठवण करू का, की ते आगाऊपणाचं दिसेल?

प्रकाशकाका, शुक्रवार सकाळ

आठवण कर. आणि हॉलसाठी खुर्च्या किती, ते कोणीच सांगितलेलं नाही.