स्नेहसंमेलनाचं बजेट परत आलंय, प्रायोजकांचे पैसे नक्की कसे दाखवायचे? मदत हवी आहे

सायली_मॅडम

नमस्कार सगळ्यांना. मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका अनुदानित हायस्कूलला शिकवते, पाचवी ते दहावी, ४२० मुलं. यंदा सांस्कृतिक विभाग पहिल्यांदाच माझ्याकडे आलाय. १७ जानेवारीला शनिवारी गॅदरिंग आहे, अजून महिना आहे, पण बजेटवर सरांची सही झाल्याशिवाय मंडपवाल्याला ॲडव्हान्स देता येत नाही आणि तो म्हणतो लग्नाची तारीख आली तर मी थांबणार नाही.

मी काल अंदाजपत्रक दिलं ते सरांनी परत पाठवलं, वर लाल पेनने एवढंच लिहिलंय, "जमा रक्कम येणार कुठून? न आल्यास?" मला राग नाही आला, प्रश्न बरोबर वाटला, पण उत्तर कसं लिहायचं ते कळत नाहीये.

खर्च असा धरलाय. मंडप, स्टेज, खुर्च्या मिळून ३८,०००, साउंड आणि लाइट २२,०००, जनरेटर ६,०००, ड्रेसचं भाडं २४,०००, मेकअपवाली ५,०००, ट्रॉफ्या आणि बक्षिसं १२,०००, नाश्ता ४५० प्लेट ३० रुपयांप्रमाणे १३,५००, पत्रिका आणि बॅनर ४,५००, फोटो-व्हिडिओ ८,०००, पाहुण्यांचं शाल-श्रीफळ वगैरे ३,०००. एकूण १,३६,०००.

जमेत संस्थेकडून ५०,००० मंजूर आहेत, त्याचं पत्र आहे. बाकी ८६,००० स्पॉन्सरशिप. त्यात माजी विद्यार्थ्यांनी २५,००० चा चेक दिलाय, पतसंस्था १५,००० देते म्हणाली, कापड दुकानदार १०,००० म्हणालेत, सराफांनी ट्रॉफ्या देतो असं कबूल केलंय (म्हणून १२,०००), मंडपवाला ६,००० कमी करणार आहे त्याचा फलक लावला तर, आणि १८,००० इतर जाहिराती, त्या अजून शोधायच्यात.

हे चुकलंय का? आणि सरांना द्यायची नोट कशी लिहितात, एका पानाची हवी आहे त्यांना.

मयूर_७७

मॅडम आमच्याकडे पुण्यात इव्हेंट कंपनीलाच देतात सगळं, थीम पण तेच ठरवतात, एलईडी वॉल असते मागे. खर्च बराच होतो पण टीचर्सना त्रास नाही. यावर्षी आमची थीम पंचमहाभूतं आहे, तुमची काय आहे?

सायली_मॅडम

सर आमच्याकडे मागे हिरवा पडदा असतो आणि त्यावर चित्रकलेचे सर थर्माकोलची अक्षरं लावतात 🙂 थीम नाही ठरवली, आत्ता पैशाचंच चाललंय.

गणेश_पालक

एवढं अवघड कशाला करताय, प्रत्येक मुलाकडून २०० रुपये घ्या, ८४,००० होतात, प्रश्न मिटला. नाचात भाग घेणाऱ्यांचे पालक देतातच आनंदाने, मी स्वतः दिलेत.

माजी_लेखनिक

गणेशराव, स्वखुशीने कोणी दिले तर पावती फाडून घ्या, पण सगळ्यांवर बसवता येणार नाही. पाचवी ते आठवीची मुलं आरटीईत येतात, आणि अनुदानित शाळेत सक्तीची वर्गणी काढली की एका पालकाच्या अर्जावर मुख्याध्यापक अडचणीत येतात. शिवाय ४२० पैकी नाचणारी किती? बाकीच्यांनी का द्यायचे?

सायलीताई, मी शाळेच्या ऑफिसात २८ वर्षं काढली, त्यातली निम्मी गॅदरिंगची बिलं जुळवण्यात गेली. तुमचे आकडे चुकीचे नाहीत, पण जमेच्या बाजूला चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात बसल्यात. सरांना तेच खटकलं असणार, कारण खर्च आणि जमा दोन्ही बरोब्बर १,३६,००० येतात. असं जुळलं की वाचणाऱ्याला कळतं की शेवटचा आकडा खर्चावरून उलटा काढलाय. तुमचे १८,००० तसेच आलेत ना?

पहिलं, मंडपवाल्याची सूट ही जमा नाही. तो ३८ चं ३२ करणार असेल तर खर्चातच ३२,००० लिहा, फलकाचं कोटेशनवर त्याच्याकडून लिहून घ्या. ते ६,००० जमेला दाखवलेत तर वर्षाअखेर हिशेब तपासणारा पावती मागेल आणि पावती फाडणार कशाची, पैसे तर आलेच नाहीत.

दुसरं, ट्रॉफ्या. वस्तू येणार आहेत, रोख नाही. खर्चातून १२,००० काढा आणि जमेतूनही काढा, खाली टीप टाका की ट्रॉफ्या सराफांकडून वस्तुरूपाने मिळणार. आल्या की नग मोजून साठा रजिस्टरला घ्या.

आता खर्च राहिला १,१८,०००. हातात काय आहे? संस्थेचे ५०,००० आणि तो चेक, म्हणजे ७५,०००, तोही बँकेत वटल्यावर. बाकीचे ४३,००० हे बोलणं आहे. माणसं खोटं बोलतात असं नाही म्हणत मी, पण पतसंस्थेत अशी रक्कम संचालक मंडळाच्या मीटिंगमध्ये मंजूर होते, त्यांना शाळेच्या लेटरहेडवर मागणीपत्र लागतं, आणि बरेचदा चेक कार्यक्रम झाल्यावर मिळतो, स्टेजवरच्या बॅनरचा फोटो बिलाला जोडल्यावर. म्हणजे पैसे आले तरी १७ तारखेच्या आधी खर्चायला मिळत नाहीत. त्या संध्याकाळी मंडपवाला, साउंडवाला स्टेजमागे उभे राहतात तेव्हा तुम्ही कुठून देणार?

सायली_मॅडम

सर, १८,००० तसेच आलेत, खरंय. आणि पतसंस्थेला मी पत्र दिलेलंच नाहीये, त्यांचे मॅनेजर रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले "देऊ की". कापड दुकानाचंही तसंच, म्हणाले बॅनर करून आणा, मग बघू.

मग सगळं ७५,००० मध्येच बसवू का? ड्रेस काढले तर मुलं नाराज होतील, आत्ताच प्रॅक्टिस सुरू झालीये आणि सहावीच्या मुली रोज विचारतात की घागरा कोणत्या रंगाचा.

माजी_लेखनिक

काढू नका, दोन भाग करा. जे नसेल तर कार्यक्रमच होणार नाही ते भाग अ, आणि ते हातातल्या ७५ मध्ये बसलंच पाहिजे. मंडप ३२, साउंड-लाइट २२, जनरेटर ६, नाश्ता साडेतेरा, पत्रिका साडेचार, पाहुणे ३, हे ८१ होतात. सहा जास्त आहेत. मंडपात कमान आणि तिन्ही बाजूंचे कापडी पडदे धरलेत का बघा, ते काढलेत तर २६ पर्यंत यायला हरकत नाही, स्टेजवर मात्र छत ठेवा, दव पडतं. पत्रिका पालकांना व्हॉट्सॲपवर जाऊ दे, छापील फक्त पाहुणे आणि संस्थेच्या लोकांपुरत्या, बॅनर धरून १,५०० त होईल. झाले ७२,०००. उरलेले ३,००० आकस्मिक म्हणून ठेवा, त्याला हात लावू नका.

भाग ब म्हणजे ड्रेस २४, मेकअप ५, फोटो ८, एकूण ३७,०००. याला मंजुरी आत्ताच मागायची पण अटीवर, की तेवढी रक्कम शाळेच्या खात्यात जमा झाली तरच खर्च. आणि तारीख घाला, नाहीतर १५ जानेवारीपर्यंत तुम्ही फोनच करत बसाल. पतसंस्था आणि दुकान मिळून २५,००० आले की ड्रेसचे २४ सुटतात. बाकीच्या जाहिराती आल्या तर फोटो आणि मेकअप.

राधिका_के

ड्रेसबद्दल माझा अनुभव सांगते. भाडं वेगळं आणि डिपॉझिट वेगळं असतं, ते बजेटमध्ये कोणीच लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे होतं तेव्हा ५,००० डिपॉझिट मी स्वतः भरलं, आणि परत देताना चार कंबरपट्टे कमी निघाले, एका घागऱ्यावर आलत्याचा डाग, दुकानदाराने १,४०० कापले. ते मला कुठूनच मिळाले नाहीत कारण बिल नव्हतं. तुमचे २४,००० किती ड्रेसचे आहेत?

सायली_मॅडम

१६० नग, १५० रुपयांनी. डिपॉझिट विचारलंच नाही हो मी. उद्या विचारते.

राधिका_के

विचारा आणि वर्गवार पिशव्या करा, प्रत्येक पिशवीत कागद, काय काय किती आहे, घेताना आणि देताना सही. आणि नऊवारी, कुर्ता-पायजमा, पांढरा शर्ट असं घरचं चालेल ते नाच बाजूला काढा. आमच्याकडे तसं केलं तर निम्मेच ड्रेस भाड्याने लागले. १६० चे १०० झाले तर तुमचे ९,००० वाचतात आणि मग दुकानदार नाही आला तरी नुसत्या पतसंस्थेच्या १५,००० त भागतं.

डीजे_अमोल

एक राहिलं, गाण्यांचं लायसन्स. लाउडस्पीकरवर फिल्मी गाणी लावली की लायसन्स लागतंच, त्याचे पैसे धरा नाहीतर नोटीस येते. आणि पोलीस परवानगीपण.

माजी_लेखनिक

परवानगीचा अर्ज द्याच, आणि रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, त्यात सूट धरून चालू नका. गाण्यांचं मात्र "लागतंच" असं नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळेच्या मुलांनी-शिक्षकांनी केलेल्या कार्यक्रमाला सवलत आहे, प्रेक्षक म्हणजे मुलं, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित लोक एवढेच असतील तर.

डीजे_अमोल

पण गावातले सगळेच येतात की बघायला, आणि वर स्पॉन्सरचे बॅनर. तेव्हा पण चालतं का?

माजी_लेखनिक

तिथे मी छातीठोकपणे नाही सांगणार. संस्थेच्या वकिलांना विचारा. निदान पत्रिकेवर "फक्त पालकांसाठी" छापा आणि गेटवर तसं पाळा.

ताई, त्या १८,००० साठी फिरताना एक बघा, वेफर्स, कोल्ड्रिंकच्या एजन्सीचा बॅनर घेऊ नका. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांत जास्त साखर-मीठ-तेलाच्या पदार्थांची जाहिरात शाळेच्या आवारात आणि ५० मीटरपर्यंत करता येत नाही.

नोट अशी लिहा, यापेक्षा लांब नको:

*प्रति, मा. मुख्याध्यापक*
*विषय : वार्षिक स्नेहसंमेलनाच्या खर्चास पूर्वमंजुरी मिळणेबाबत*

*महोदय, दि. १७ जानेवारी रोजी होणाऱ्या स्नेहसंमेलनाचे सुधारित अंदाजपत्रक सोबत जोडले आहे. संस्थेचे मंजूर अनुदान रु. ५०,००० व माजी विद्यार्थ्यांचा धनादेश रु. २५,००० अशी एकूण रु. ७५,००० रक्कम उपलब्ध आहे.*

*भाग अ (आवश्यक खर्च रु. ७२,००० व आकस्मिक रु. ३,०००) यास मंजुरी मिळावी. भाग ब (वेशभूषा, रंगभूषा, छायाचित्रण रु. ३७,०००) यास, दि. ५ जानेवारीपर्यंत प्रायोजकांकडून शाळेच्या बँक खात्यात प्रत्यक्ष जमा होणाऱ्या रकमेच्या मर्यादेत, मंजुरी मिळावी. रक्कम जमा न झाल्यास भाग ब चा खर्च केला जाणार नाही. पारितोषिके वस्तुरूपाने मिळणार असल्याने खर्चात धरलेली नाहीत.*

*मान्यतेस्तव सविनय सादर.*

सरांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "रक्कम जमा न झाल्यास" या वाक्यात आहे, ते वाक्य गाळू नका.

सायली_मॅडम

खूप खूप आभार सर. पतसंस्थेला लेटरहेडवर पत्र आजच दिलं, पोच घेतली. त्यांची मीटिंग २८ ला आहे म्हणे, आणि चेक आधी मिळेल का याला "बघतो" म्हणालेत. सातवीच्या वर्गाने लेझीम घरच्या कपड्यात करायचं कबूल केलं, सहावीच्या मुली ऐकत नाहीयेत.

मंडपवाला पडदे-कमान काढून २६,००० ला तयार झाला, पण पक्कं बिल मागितलं तर म्हणतो जीएसटी वेगळा, १८ टक्के. म्हणजे ३०,६८०. आकस्मिकचे ३,००० घातले तरी १,६८० कमी पडतात.

माजी_लेखनिक

मग आकस्मिक त्यात घालूच नका. आधी त्याचा जीएसटी नंबर मागा. नंबर नसेल तर त्याला कर लावताच येत नाही, २६ चं साधं सही-शिक्क्याचं बिल द्यायला सांगा. नंबर असेल तर नोटमध्ये मंडप ३०,६८० लिहायचा आणि ४,६८० दुसरीकडून काढायचे. जनरेटर शाळेजवळ कोणाचा आहे का, नुसत्या डिझेलवर मिळेल असा?

सायली_मॅडम

ग्रामीण रुग्णालयासमोर एका सरांच्या भावाचा आहे, विचारते. मंडपवाला सोमवारी नंबर पाठवतो म्हणालाय, तोपर्यंत नोट देत नाही.