मदत हवी आहे: कॅसिनोतल्या फोटोवर भावाचा चेहरा बसवलाय, हा पुरावा धरतात का?

म्हापसेकर: धाकटा भाऊ एका खासगी कंपनीत कॅश सांभाळतो. कोणीतरी त्याचा चेहरा कॅसिनोच्या टेबलावरच्या माणसाला बसवून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला. आता साहेबांनी लेखी खुलासा मागितलाय. कानाजवळ दाढीची कड तुटलेली दिसते, मान चेहऱ्यापेक्षा काळी. आई म्हणते, ती घाण फोनमधून काढून टाक. काढावी का?

पेडण्याचो: फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यावरून निघणारा आकडी ठसा, काढा. जुळला की फोटो खरा, नाही तर खोटा.

अ‍ॅड. तिसवाडी: तसं नसतं हो. हॅश जुळला तर फाइल जप्त केल्यापासून बदललेली नाही एवढंच कळतं. आधीच चेहरा बदललेल्या फोटोचाही हॅश व्यवस्थित जुळतो.

म्हापसेकर, फोटो काढू नका. तो भावाविरुद्धचा पुरावा म्हणून लंगडा आहे, पण बनावटगिरीच्या तक्रारीत तोच मुख्य पुरावा. स्क्रीनशॉटवर भागवू नका. तो मेसेज, पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ फोनमध्ये जशीच्या तशी राहू दे.

कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 चं कलम 63 लागतं. मूळ फोन हजर न करता नुसती प्रत दिली तर प्रमाणपत्र जोडावं लागतं, एक भाग उपकरण सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. पण प्रमाणपत्रामुळे फाइल आत येते, चित्रातली गोष्ट खरी ठरत नाही. दाढीची कड तुम्हाला दिसली तरी कोर्ट तज्ज्ञाचं मत बघेल. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो दाबला जातो, कॅमेऱ्याची माहिती गळते, म्हणून प्रयोगशाळेचं उत्तरही कधी मोघम येतं. खरा आधार म्हणजे ज्या फोटोवर चेहरा बसवला तो मूळ फोटो. इमेज सर्चवर शोधा. दोन्ही शेजारी ठेवले की चिप्सची रास, पेला, शर्टाची घडी तीच दिसते आणि फक्त डोकं वेगळं.

कळंगुटची ताई: माझं पण असंच! भाड्याच्या स्कूटरवर ओरखडे म्हणून मालकाने फोटो दाखवून डिपॉझिट कापलं.

अ‍ॅड. तिसवाडी: ताई, तुमचा फोटो बदललेला नाही, वाद तो कधीचा याचा आहे. वेगळा धागा काढा.

म्हापसेकर: पण साहेब कोर्ट थोडेच आहेत?

अ‍ॅड. तिसवाडी: बरोबर, ऑफिसच्या चौकशीत साक्षीपुराव्याचे नियम तितके कडक नसतात. तरी खुलाशात मागा: फाइल कोणी दिली, ती कोणाच्या फोनवर आधी आली आणि त्या माणसाला प्रश्न विचारायची संधी. तक्रार cybercrime.gov.in वर किंवा पोलीस ठाण्यात लगेच द्या. कॅसिनोत शिरताना ओळखपत्र बघतात. त्या रात्रीची नोंद आणि सीसीटीव्ही पोलीस मागू शकतात. पण जुनं फुटेज पुसून त्यावर नवं चढतं, म्हणून घाई.

म्हापसेकर: मूळ फोटो सापडला, एका पर्यटकाच्या सार्वजनिक पोस्टवर. पाठवणाऱ्याने मात्र मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केलाय.

अ‍ॅड. तिसवाडी: ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांच्याकडे प्रत असेल. पहिला कोण ते त्यावरून सापडेलच असं नाही.