मदत हवी आहे: सुपरवायझरच्या तोंडी सूचनेची लेखी नोटीस करताना तिच्यातली निकड कशी टिकवायची?

शलाका_बडोदा

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या शीट मेटल कारखान्यात ऑफिस सांभाळते. घर दांडिया बाजारात, त्यामुळे विचार मराठीतच चालतो. नोटीस मात्र गुजराती आणि हिंदीत लागते, कारण प्रेसवरची निम्मी मुलं बिहार-यूपीची आहेत. मसुदा मी आधी मराठीत करते, मग दोन्हीकडे नेते.

गेल्या महिन्यात ३ नंबरच्या प्रेसवर, ५० टनी मेकॅनिकल प्रेस आहे ती, डायमध्ये पीस अडकला. हेल्परनं मोटर बंद केली आणि तो काढायला हात घातला. फ्लायव्हील अजून फिरत होतं. शेजारून ट्रॉली नेणाऱ्याचा पाय पेडलवर पडला आणि रॅम खाली आला. मुलाच्या हातमोज्याचं टोक तेवढं सापडलं, बोटं वाचली. तो मोजा माझ्या टेबलाच्या खणात आहे.

आमचे सुपरवायझर काका रोज ओरडतात ते असं: "ए, आधी पाय काढ पेडलवरून! चाक थांबू दे! आत हात कशाला, चिमटा घे!" हे ऐकलं की माणूस जागच्या जागी थांबतो. मालकांनी मला सांगितलं, याची रीतसर नोटीस कर. मी हे लिहिलं:

> सर्व कर्मचाऱ्यांना सूचित करण्यात येते की, प्रेस मशीनवर काम करताना आवश्यक ती खबरदारी घेण्यात यावी. मशीनमध्ये हात घालू नये. आपत्कालीन परिस्थितीत लाल बटणाचा वापर करावा. सूचनेचे पालन न केल्यास शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल.

आठवडा झाला लावून. कुणी थांबून वाचताना मला दिसलं नाही. काकांचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं तर मालक म्हणतात, ही नोटीस आहे का? रीतसरही राहील आणि पाय जागीच थबकेल, असं कसं लिहायचं?

विहंग

वॉट्सॅप ग्रुपवर काकांचा आवाजच रेकॉर्ड करून टाका ना. रोज शिफ्टच्या आधी वाजवायचा.

शलाका_बडोदा

फ्लोअरवर मोबाइल बंद असतात आमच्याकडे. आणि मला लिहिलेलंच हवं आहे, कारण काका रात्रपाळीला नसतात.

केदार_इंदूर

तुमची भाषा बरोबर आहे, नोटीस अशीच असते. फक्त दिसत नाही. लाल रंग, जाड टाइप, वर "धोका" आणि कवटीचं चित्र टाका. दुसरं म्हणजे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या १०८ व्या कलमाप्रमाणे नोटीस इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लागायची. तेव्हा इंग्रजी आधी घाला, नाहीतर ऑडिटला अडचण येईल.

तात्या_टूलरूम

केदारराव, "धोका" शब्द वर हवा हे मान्य. पण १०८ वं कलम कायद्यानं लावायच्या सूचनांसाठी होतं, त्या मुख्य दरवाजाजवळ लागायच्या. प्रेसच्या अंगावरची पाटी त्यात येत नव्हती. तिथं इंग्रजी आधी घातलं तर हात घालणाऱ्या पोराला त्याची ओळ तिसऱ्या जागी सापडेल.

शलाकाताई, मी ३१ वर्षं प्रेस आणि डाय बघितल्या. तुमच्या मसुद्यातली सगळ्यात घातक ओळ लाल बटणाची आहे. तुमच्या प्रेसला "रोलिंग-की" क्लच आहे का ते आधी बघा. जुन्या मकरपुऱ्यातल्या बहुतेक प्रेसना तोच असतो. तो एकदा लागला की रॅम पूर्ण फेरा मारूनच वर थांबतो. लाल बटण मोटर बंद करतं, खाली निघालेल्या रॅमला धरत नाही. म्हणजे तुमची नोटीस वाचणारा समजेल की बटण दाबलं की वाचलो. ती ओळ आजच काढा.

आता भाषेचं. काका ओरडतात तेव्हा त्यांच्या चार शब्दांत किती गोष्टी असतात बघा. कुणाला, ते बोटानं कळतं. कुठल्या मशीनवर, ते समोर दिसतं. कधी, तर अगदी हात उचलला त्या क्षणाला. आणि काय करायचं, तेही क्रमानं: आधी पाय, मग चाक, मग चिमटा. कागदावर बोट नाही, क्षण नाही. ते सगळं शब्दांत भरून द्यावं लागतं, आणि तुम्ही नेमकं तेच काढून टाकलंत. "आवश्यक ती खबरदारी" म्हणजे कुठली? ते वाचणाऱ्यानं ठरवायचं का?

शलाका_बडोदा

तात्या, आत्ता मेंटेनन्सवाल्यांना विचारून आले. रोलिंग-की क्लचच आहे. लाल बटणाची ओळ मी स्वतः पेननं खोडली. मग मोटर बंद केल्यावर चाक किती वेळ फिरतं ते घड्याळ लावून पाहिलं, सव्वादोन मिनिटं. "दोन मिनिटं थांबा" असं लिहू का?

तात्या_टूलरूम

वेळ लिहू नका. बेल्ट सैल झाला, बेअरिंग बदललं की वेळ बदलते, आणि फ्लोअरवर दोन मिनिटं कुणी मोजत नाही. डोळ्याला दिसेल अशी खूण द्या. चाकाच्या कडेला पांढऱ्या ऑइल पेंटची एक आडवी पट्टी मारा, गार्डच्या जाळीतून दिसेल अशी. मग पाटीवर लिहा, "पांढरी पट्टी थांबलेली पाहा." फिरतं चाक लांबून स्थिर वाटतं, पट्टी तशी फसवत नाही.

पाय काढला म्हणजे झालं असंही नव्हे. क्लचची की किंवा तिची स्प्रिंग झिजली असेल तर पेडल न दाबताही रॅम दुसरा फेरा मारतो. म्हणून चाक थांबणं हा खरा मुद्दा आहे, आणि मग रॅमखाली ठोकळा. ठोकळा चाक थांबल्यावरच लावायचा. तो रॅमचं वजन पेलायला असतो, चालू प्रेसचा जोर अंगावर घ्यायला नाही. चालू प्रेसमध्ये लावलात तर ठोकळाच उडेल.

नीलिमा_सांवेर रोड

माझा अनुभव थोडा वेगळा, इंदूरचा. आमच्याकडे बेंच ग्राइंडरवर नोटीस होती: "नवीन चाक बसवल्यावर चाचणी घेण्यात यावी." एका नव्या मुलानं चाक बसवलं आणि चाकासमोर उभं राहूनच चालू केलं. नोटीस त्यानं पाळली होती! चाक फुटलं नाही हे नशीब. आता लिहिलंय, "गार्ड लावा. बाजूला उभे राहा. एक मिनिट रिकामे चालवा. मगच समोर या." तुमच्या प्रश्नात हे बसतं की नाही माहीत नाही, पण "घेण्यात यावी"मध्ये कोण कुठं उभा आहे तेच नव्हतं.

शलाका_बडोदा

नीलिमाताई, अगदी बसतं. माझ्या "घालू नये"चंही तेच झालं ना? पण "नका" लिहिलं तर ते रीतसर वाटेल का, ही मालकांची शंका आहे.

केदार_इंदूर

सरकारी पाट्यांवर "नये" असतं, तेच शोभतं.

तात्या_टूलरूम

"थुंकू नये" सगळीकडे लिहिलेलं असतं, त्याचा परिणाम आपण बघतोच. "नये" हा सगळ्या जगासाठी नियम झाला, "नका" समोरच्या माणसाला सांगणं झालं. "नका"मध्ये मान आहेच, "नको" लिहा असं मी म्हणत नाही. गुजरातीतही "हाथ नाखवो नहीं"ऐवजी "हाथ नाखशो नहीं" करा. हिंदीत "हाथ न डालें" चालेल, पण समोरच्याला लागेल ते "हाथ मत डालिए".

मालकांना नोटीसपण हवंच असेल तर दोन कागद करा. एक ऑफिसच्या फाइलला आणि नोटीस बोर्डाला: क्रमांक, तारीख, कुठल्या प्रेसना लागू, कधीपासून, सही. तिथं "करण्यात यावे" खुशाल वापरा. दुसरी प्रेसवरची पाटी, तिच्यात फक्त हातापायाचं काम. कारवाईची ओळ फाइलमध्येच राहू द्या. पाटीवर ती असली की पोराच्या मनात बोटाऐवजी पगार येतो, आणि पुढच्या वेळी मोजा सापडला तर तो तुमच्या खणापर्यंत पोचणारच नाही.

शलाका_बडोदा

काल संध्याकाळी बसून हे केलं:

> धोका: प्रेस क्र. ३
> डायमध्ये हात घालण्यापूर्वी
> १. पेडलवरून पाय काढा. पेडलचे झाकण लावा.
> २. मेन बंद करा. कुलूप लावून चावी खिशात ठेवा.
> ३. चाकावरची पांढरी पट्टी पूर्ण थांबलेली पाहा.
> ४. रॅमखाली ठोकळा लावा.
> मोटर बंद केली तरी चाक फिरत राहते. रॅम सुटला तर मध्येच थांबत नाही. बोटे तुटतात.

हिंदी करून दुपारपाळीच्या एका हेल्परला वाचायला दिली आणि म्हटलं, आता करून दाखव. पहिलं बरोबर केलं. दुसऱ्याला तो सरळ भिंतीवरच्या मोठ्या पॅनलकडे गेला, कारण फ्लोअरवर "मेन" म्हणजे तेच. ते बंद झालं असतं तर पाचही प्रेस थांबल्या असत्या, म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. प्रेसवरच्या आयसोलेटरला ही मुलं "बाजूवाला हँडल" म्हणतात. आता तेच लिहिलंय: "मशीनच्या बाजूवाले लाल हँडल खाली करा." ठोकळाही त्याला सापडला नाही, तो टूलरूममध्ये होता. तो आता साखळीनं प्रेसलाच बांधला आहे.

तात्या_टूलरूम

ही खरी परीक्षा केलीत. वाचून दाखव म्हणालात असता तर त्यानं घडाघडा वाचलं असतं. पाटी डायच्या उंचीला, पेडलवर उभं राहिल्यावर डोळ्यासमोर येईल अशी लावा.

शलाका_बडोदा

दोन गोष्टी राहिल्यात. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणतात, दर अडकलेल्या पीसला सव्वादोन मिनिटं थांबलो तर शिफ्टचा आकडा निघणार नाही. आणि मालकांना "बोटे तुटतात" नको आहे, पार्टी बघायला येते तेव्हा वाईट दिसतं म्हणतात. "गंभीर इजा संभवते" करा, असं त्यांचं म्हणणं.

नीलिमा_सांवेर रोड

"संभवते" करू नका, हात जोडून सांगते. "गंभीर इजा" म्हणजे काय हे त्या मुलाला चित्रासारखं दिसत नाही, बोट दिसतं.

केदार_इंदूर

मला वाटतं मालकांचंही ऐकावं. शब्द न लिहिता रॅमखाली सापडलेल्या हाताचं चित्र टाका. वाचता न येणाऱ्यालाही कळेल.

तात्या_टूलरूम

केदाररावांचं हे पटतं. चित्र टाका, आणि शब्दही ठेवता आला तर बघा.

वेळेचा प्रश्न मात्र पाटीनं सुटणार नाही, ताई. वरवर अडकलेला पीस लांब दांड्याच्या ॲल्युमिनियमच्या चिमट्यानं किंवा हुकनं निघतो, हात डायच्या बाहेरच राहतो. तेवढ्यासाठी चाक थांबवायचं की नाही यावर मीसुद्धा सगळ्यांशी भांडलो आहे. माझं मत, पेडलवर झाकण असेल आणि क्लच तपासलेला असेल तरच चालू चाकाला चिमटा. पण डायच्या आत बोट जाणार असेल तर चारही पायऱ्या, आकडा निघो न निघो. आणि एक पीस दिवसात पुन्हा पुन्हा अडकत असेल तर डाय माझ्यासारख्या माणसाकडे पाठवा, तिचा स्ट्रिपर किंवा क्लिअरन्स बिघडलाय.

शलाका_बडोदा

कालच्या शिफ्टमध्ये ३ नंबरला अकरा वेळा अडकला, काकांनी मोजलं. तो आकडा घेऊन उद्या मॅनेजरांकडे जाते. मोजाही खणातून काढून सोबत नेणार आहे.