बैठक पुढे ढकलावी लागली तेव्हा तुम्ही काय कळवलंत?

रविवारी मुलाची बैठक ठरली होती. मुलीकडचे चौदा जण सांगलीहून यायचे होते. गुरुवारी रात्री सासरे गेले. हे स्मशानातून पहाटे परतले, बोलण्याच्या अवस्थेत नव्हते. सकाळी मीच मुलीच्या वडिलांना लिहिलं: ‘नमस्कार. काल रात्री माझे सासरे वारले. रविवारची बैठक पुढे ढकलावी लागत आहे. चौदावा झाला की यांचा फोन येईल. आपण तयारी केली असेल, क्षमस्व.’ उत्तर आलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ तिसऱ्या दिवशी मध्यस्थांचा फोन, ‘स्थळ नको आहे का?’ तेव्हा उमगलं, ‘मुलगी पसंत आहे, बोलणी तशीच आहेत’ हे वाक्य राहून गेलं होतं. तुमचे अनुभव लिहा.

मुलीचा बाप, नगर: आम्हाला नुसतं ‘काही कारणाने बैठक रद्द’ असं आलं. रद्द! मुलगी दोन दिवस धड जेवली नाही. आठवड्याने नात्यातून कळलं की मुलाची आई गेली होती. कळवलं असतं तर आम्ही भेटायला गेलो असतो. ते राहिलं, ते अजून सलतं. कोण गेलं हे लिहाच. आजार, हॉस्पिटल लिहायची गरज नाही.

पुण्याहून: सुतक दहा दिवसांचं. अकराव्या दिवशी बैठक घ्यायला हरकत नसते, आधीच तारीख देऊन टाकावी.

मुलाची मावशी, सातारा: दादा, सुतक दहा दिवसांचं हे बरोबर. पण अकरावा, बारावा, तेरावा घरात विधी असतात, पाहुणे असतात. बाईला चूल सोडून बसता येत नाही. बहिणीच्या घरी घाईने बाराव्याची तारीख दिली आणि पुन्हा पुढे ढकलायची वेळ आली. दुसऱ्यांदा कळवणं फार जड गेलं. तारीख देऊ नका, फोन कधी कराल तेवढं सांगा. आणि जमलं तर घरातल्या वडीलधाऱ्याने दोन मिनिटं फोनवर बोलावं. काका, मामा, कोणीही चालतं.

ठाण्याहून: माझी ऑफिसची मीटिंग होती. वडील गेले त्या सकाळी क्लायंटला दोन ओळी लिहिल्या: ‘घरी वडिलांचं निधन झालं आहे. आजची मीटिंग होऊ शकणार नाही. फाइल सहकाऱ्याकडे आहे, ते तुम्हाला फोन करतील.’ त्यांनी पंधरा दिवस मला एकही फोन केला नाही.

एक वाचक: हॉलचा अॅडव्हान्स परत मिळतो का?

धागाकर्ती: हॉल नव्हता, बैठक घरीच होती. मध्यस्थांचा फोन आल्यावर मी दीरांना बोलायला लावलं. ‘मुलगी आम्हाला पसंत आहे, दुःखामुळे थांबलोय’ एवढंच ते बोलले. मुलीचे आई-वडील दहाव्याला आले, सासऱ्यांच्या फोटोला हार घातला, चहा न घेता निघाले. लग्नाचा विषय कोणीच काढला नाही. आता चौदावा झालाय. सासूबाई म्हणतात लग्न वर्षाच्या आत उरकावं, दीर म्हणतात वर्षभर थांबावं. मुलीकडच्यांना फोन उद्या करायचा आहे. हे घरात ठरलेलं नसताना करावा का?